गाळा स्वतःच्या पोरासाठी पायजे आहे, भाडेकरूला नोटीस कशी द्यायची

मी वकील नाही हे आधीच सांगून टाकतो, मी तालुक्याच्या कोर्टात वकीलसाहेबांकडे मुन्शी आहे, नोटिसा टाईप करणं, पोस्टात टाकणं, पावत्या फायलीला लावणं हे माझं काम. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट पाहून पाहून पाठ झाली की घरमालक केस हरतो तेव्हा बऱ्याचदा कोर्टात नाही, नोटीस लिहितानाच हरलेला असतो. म्हणून ज्यांना पहिल्यांदाच "स्वतःच्या वापरासाठी जागा खाली करून पायजे" अशी नोटीस द्यायची आहे त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो. नोटीस वकिलाकडूनच द्या, पण वकिलाकडे जाताना काय घेऊन जायचं आणि काय तोंडातून काढायचं नाही ते इथे आहे.

एक प्रकरण घेऊन सांगतो म्हणजे समजायला सोपं. नावं गाव सांगत नाही. एक काका आले होते, शेतकरी माणूस, तालुक्याच्या गावात बसस्टँडच्या रोडवर त्यांचे दोन गाळे. मोठा गाळा 10 बाय 16 फुटाचा, त्यात 1996 पासून कटलरी-स्टेशनरीचं दुकान, भाडं 1200 रुपये महिना. मूळ भाडेकरू 2019 मधे वारला, आता त्याचा लहान पोरगा दुकान चालवतो. काकांचा मुलगा डी.फार्म झाला, तीन वर्षांपासून जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्याच्या मेडिकलमधे नोकरी करतो, रोज एसटीने जाणं-येणं, आणि त्याला आता स्वतःचं मेडिकल टाकायचं आहे. काका खुर्चीत टेकले नाहीत तोच म्हणाले, "भाऊ, नोटिशीत लिहून टाक, आमाले जागा पायजे, पंधरा दिवसात खाली कर, नाही त सामान बाहेर फेकू."

मी म्हटलं काका पहिले पाणी प्या.

सगळ्यात आधी कायदा कोणता ते पाहा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 हा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे, पण तो राज्यातल्या प्रत्येक खेड्याला आपोआप लागू नाही. कायद्याला अनुसूच्या जोडलेल्या आहेत, त्यात ज्या क्षेत्रांची नावं आहेत तिथेच तो चालतो, आणि सरकार अधिसूचना काढून त्यात भर घालू शकते. त्यामुळे तुमचा गाळा नगर परिषदेच्या गावात आहे का ग्रामपंचायतीच्या, आणि ते गाव अनुसूचीत आहे का, हे वकिलाकडून पहिले तपासून घ्या. आमच्याकडे लोक हे विचारतच नाहीत, थेट कलम 16 टाका म्हणतात.

गाव अनुसूचीत नसेल तर विषय वेगळा आणि सोपा आहे. तिथे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 106 लागतं, महिन्याच्या भाडेकरूला 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेपट्टा संपवता येतो आणि गरज आहे का नाही हे कोर्ट विचारत बसत नाही. त्यात एकच गोष्ट सांभाळायची, नोटिशीची मुदत संपल्यावर पहिल्यासारखं भाडं घेऊन पहिल्यासारखी पावती फाडत राहिलात तर समोरचा म्हणेल नोटीस सोडून दिली. पैसे घ्यायचेच असतील तर "हक्क अबाधित ठेवून, जागेच्या वापराबद्दल नुकसानभरपाई म्हणून" असं पावतीवर लिहा.

आणि जुन्या लोकांसाठी एक. विदर्भात 2000 च्या आधी सी.पी. अँड बेरारचा 1949 चा रेंट कंट्रोल ऑर्डर होता, त्यात नोटीस द्यायच्याही आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागायची, ती मिळाली की मग नोटीस, मग दावा. ती पद्धत गेली. पण आजही कोणी ना कोणी म्हातारा माणूस येऊन सांगतो की "पहिले कंट्रोलरकडे अर्ज टाका", आणि लोक सहा सहा महिने त्या नादात घालवतात. आता दावा सरळ दिवाणी कोर्टात, तालुक्याला असेल तर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे.

काकांचं गाव अनुसूचीत होतं. म्हणजे कलम 16, पोटकलम 1. त्यातला खंड इंग्रजी प्रतीत जी, कोर्टात सगळे "सिक्स्टीन वन जी" असंच म्हणतात. त्यात लिहिलं आहे की मालकाला स्वतःच्या वापरासाठी जागा वाजवीपणे आणि खरोखर पाहिजे असेल तर ताबा मिळू शकतो. "स्वतः" म्हणजे फक्त मालकच असं नाही, त्याच्यावर अवलंबून असलेला मुलगा त्यात येतो. सुप्रीम कोर्टाचा 2002 चा जोगिंदर पाल खटल्याचा निकाल यासाठी दाखवतात, तो पंजाबच्या कायद्यावरचा आहे पण तत्त्व इथेही चालतं.

तुमच्याकडे भाडेकरार नसून राहायच्या जागेचा लिव्ह अँड लायसन्सचा करार असेल आणि मुदत संपली असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, त्याचा रस्ता कलम 24 चा आहे, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज जातो. तिकडे जा.

गरज म्हणजे काय ते आधी स्वतःला नीट सांगा

आता इथे खरं काम आहे. "मला जागा पाहिजे" ही इच्छा झाली, गरज नाही. 1999 च्या शिवसरूप गुप्ता निकालात सुप्रीम कोर्टाने हाच फरक सांगितला आहे, गरज मनापासूनची पाहिजे, भाडेकरूला काढायचं निमित्त नको. दुसऱ्या बाजूने कोर्टं हे पण म्हणतात की आपली गरज मालकालाच जास्त कळते, त्याने कुठे धंदा करावा हे भाडेकरूने शिकवू नये. पण हे दुसरं वाक्य तुमच्या कामाला तेव्हाच येतं जेव्हा पहिलं तुम्ही सिद्ध केलं असेल.

मी काकांना विचारत गेलो आणि कागदावर लिहीत गेलो. पोरगा काय शिकला, कधी पास झाला, फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का, सध्या पगार किती, कोणत्या गाडीने जातो, दुकान टाकायला पैसा कुठून येणार. काका वैतागले, "आता याचा अन् नोटिशीचा काय संबंध?" संबंध असा की दोन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात समोरचा वकील हेच विचारणार, आणि तिथे पहिल्यांदा आठवायला लागलं की माणूस अडखळतो. काकांचं उत्तर पक्कं होतं. रजिस्ट्रेशन होतं, पोराने तीन वर्षांत थोडे पैसे साठवले होते, आणि काकांनी सोयाबीनच्या पैशातून बँकेत वेगळी ठेव केली होती. ठेवीची पावती, रजिस्ट्रेशनची झेरॉक्स, नोकरीच्या ठिकाणचं पत्र हे सगळं नोटीस जायच्या आधी फायलीत लागलं.

मग मी विचारलं, हाच गाळा काऊन? बाजूचा लहान गाळा आहे ना तुमचा?

इथे बहुतेक लोक गडबडतात. आपल्या बाकीच्या जागा नोटिशीत सांगायच्याच नाहीत असं त्यांना वाटतं, जणू काही समोरच्याला माहीतच नाही. अहो, पंचवीस वर्षं तो तुमच्या गाळ्यात बसला आहे, तुमच्या घरची पत्रं सुद्धा पोस्टमन त्याच्याकडे ठेवून जातो, त्याला सगळं माहीत आहे. लपवलेली जागा उलटतपासात निघाली की न्यायाधीशांच्या मनात एकच विचार येतो, हा आणखी काय लपवतो. त्यामुळे स्वतःहून सांगा, आणि ती जागा का चालत नाही ते पण सांगा.

काकांच्या दोन बाकीच्या जागा निघाल्या. एक घरामागची 9 बाय 10 ची खोली, गल्लीत उघडणारी, त्यात पोती आणि फवारणीचं सामान, समोर नाली, तिथे मेडिकलला गिऱ्हाईक येणार नाही आणि कीटकनाशकाच्या शेजारी औषधं कोण ठेवणार. दुसरा बाजूचा 8 बाय 10 चा गाळा, तो 2021 मधे रिकामा झाला होता आणि काकांनी तो मोबाईल रिपेअरिंगवाल्याला दिला. हे ऐकून मी पेन खाली ठेवला. कारण समोरचा वकील पहिला प्रश्न हाच करणार, "2021 साली तुमचा गाळा रिकामा होता तेव्हा मुलाची गरज कुठे गेली होती?"

याचं उत्तर काकांकडे होतं पण त्यांना ते उत्तर आहे हेच माहीत नव्हतं. एक तर 2021 मधे पोरगा शिकत होता. दुसरं म्हणजे, किरकोळ औषध दुकानाच्या परवान्याला जागा कमीत कमी 10 चौरस मीटर लागते, हे औषधांच्या 1945 च्या नियमात आहे. 10 चौरस मीटर म्हणजे साधारण 108 चौरस फूट. लहान गाळा 80 चौरस फुटाचा, म्हणजे साडेसात मीटरही भरत नाही, तिथे परवानाच मिळणार नाही. मोठा गाळा 160 चौरस फूट, म्हणजे जवळजवळ 15 चौरस मीटर, तो बसतो.

हा हिशोब आणखी एका ठिकाणी कामाला येतो, ते खाली सांगतो.

भाडेकरूची अडचण पण मोजावी लागते

फक्त गरज सिद्ध झाली म्हणजे झालं असं नाही. कलम 16 च्या पोटकलम 2 मधे आहे की ताबा दिल्याने जास्त त्रास कोणाला होईल, मालकाला का भाडेकरूला, हे कोर्टाने तोलायचं, आणि त्यात दोघांना दुसरी सोयीची जागा मिळते का हे पण पाहायचं. त्रास भाडेकरूला जास्त होतो असं वाटलं तर गरज खरी असूनही हुकूमनामा मिळत नाही. आणि तिसरी शक्यता, थोडीच जागा दिली तरी दोघांचं भागतं असं दिसलं तर कोर्ट तेवढ्याच भागाचा ताबा देतं.

म्हणून नोटीस द्यायच्या आधी भाडेकरूचीही माहिती काढा, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गप्पांवर नाही, नगर परिषदेच्या कर आकारणी उताऱ्यावर. काकांच्या भाडेकरूच्या मोठ्या भावाच्या नावाने त्याच रोडवर बांधकाम होतं, खाली दोन शटर, उतारा काढला तर निघालं. भावाचं म्हणजे याचं असं कोर्ट लगेच धरणार नाही, पण निदान याने तिथे जागा मागून पाहिली का हा प्रश्न उभा राहतो. शिवाय त्या आठवड्यात रोडवर "भाड्याने देणे आहे" अशा तीन पाट्या होत्या, त्यांचे फोटो तारखेसह काढून ठेवले. भाडेकरू जेव्हा म्हणतो की मला कुठेच जागा नाही, तेव्हा त्याने शोधली का हे दाखवायची जबाबदारी त्याच्यावर पण येते, आणि बहुतेकांनी शोधलेलीच नसते.

अर्ध्या जागेचा मुद्दा आता पाहा. 160 चौरस फुटाचे दोन भाग केले तर 80 चे होतात, परवाना 108 च्या खाली मिळत नाही, म्हणजे वाटणी करून काकांची गरज भागतच नाही. हे एक वाक्य नोटिशीत गेलं की समोरच्याचा "साहेब, अर्धा गाळा द्या" हा पर्याय बराच ढिला पडतो. तुमचा धंदा मेडिकल नसेल तर तुमच्या धंद्याला किती जागा लागते आणि का, ते असंच मोजून लिहा, काउंटर किती, माल किती, गिऱ्हाईक उभं राहायला किती. नुसतं "पूर्ण जागा लागते" लिहिलं तर त्याला वजन नाही.

नोटीस कोणाच्या नावाने आणि कोणाकडून

मूळ भाडेकरू वारला असेल तर जो दुकानात बसतो त्याच्या एकट्याच्या नावाने नोटीस पाठवू नका. दुकानाच्या जागेत त्याच्यासोबत धंदा करणारे घरचे लोक कायद्याने भाडेकरू ठरू शकतात, मग ऐन वेळी मोठा भाऊ येऊन म्हणतो मला नोटीसच नाही. काकांच्या केसमधे आई, दोन्ही भाऊ आणि लग्न झालेली बहीण अशा चौघांना पाठवली. चार पाकिटांचा खर्च जास्त झाला म्हणून काका कुरकुरले पण ठीक आहे.

मालकाकडून कोण, हे पण पाहा. आपल्याकडे जागा आजोबाच्या नावाने, वारसांची नोंद अर्धवट, भाऊ नागपूरला, असं सर्रास असतं. एका सहहिस्सेदाराला दावा करता येतो, पण बाकीच्या भावांची हरकत नाही हे आधीच कागदावर घेतलं तर बरं. आखीव पत्रिका, कर आकारणी उतारा, खरेदीखत किंवा वाटणीपत्र, नझूलची जागा असेल तर तिचा भाडेपट्टा, हे सगळं पहिल्याच दिवशी काढा. नोटिशीत मालक म्हणून ज्याचं नाव तुम्ही लिहिता आणि भाडेपावतीवर ज्याची सही आहे ते दोघे वेगळे असतील तर तो फरक नोटिशीतच समजावून सांगा.

आता मजकूर

आम्ही जी नोटीस पाठवली तिचा मधला भाग जवळपास असा होता, नावं काढून देतो:

"सदर गाळा माझे अशिलांच्या मालकीचा असून आपले वडील त्यात सन 1996 पासून दरमहा भाड्याने होते व त्यांचे निधनानंतर आपण आहात. भाडे दरमहा रुपये 1200 असून ते आजपर्यंत चुकते आहे, त्याबाबत तक्रार नाही. माझे अशिलांचा मुलगा नोंदणीकृत फार्मासिस्ट असून त्यास सदर गाळ्यात औषधाचे किरकोळ दुकान सुरू करावयाचे आहे. माझे अशिलांचे मालकीची घरामागील 9 बाय 10 फुटाची खोली ही गल्लीत असून शेतीचे सामान ठेवण्याचे वापरात आहे. बाजूचा 8 बाय 10 फुटाचा गाळा सन 2021 मधे भाड्याने दिला तेव्हा मुलाचे शिक्षण सुरू होते, शिवाय तो परवान्यास लागणाऱ्या किमान जागेपेक्षा लहान आहे. या व्यतिरिक्त माझे अशिलांची या गावात दुसरी कोणतीही जागा नाही."

पाहा, यात राग नाही, धमकी नाही, "तुम्ही बळकावून बसले" वगैरे भाषा नाही. भाडं बाकी नाही हे पण स्वतःहून लिहिलं, कारण खोटं लिहिलं असतं तर त्याने पावत्यांचा गठ्ठा आणून टाकला असता आणि पुढचं सगळंच संशयात गेलं असतं. तुमचं भाडं खरंच थकलं असेल तर तो वेगळा मुद्दा आहे, त्याच्यासाठी कलम 15 ची मागणी नोटीस लागते आणि ती दिल्यावर 90 दिवस थांबल्याशिवाय थकबाकीवर दावा टाकता येत नाही. त्या मुदतीत त्याने पैसे भरले तर तो मुद्दा संपतो. दोन्ही एकाच नोटिशीत कोंबायचे असतील तर मुदती गुंतणार नाहीत असं वकिलाकडून नीट लिहून घ्या, मला विचाराल तर वेगळ्या दोन बऱ्या.

मजकुरात वर गाळ्याची चतुःसीमा, नगर परिषदेचा घर क्रमांक, लांबी-रुंदी, आणि खाली किती तारखेपर्यंत ताबा द्यायचा हे असतंच. मुदतीचं गंमतशीर आहे. भाडे नियंत्रण कायद्याखाली गरजेच्या कारणावर दावा करायला कलम 106 ची नोटीस लागतच नाही, सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी 1979 मधेच धनपाल चेट्टियार खटल्यात हे सांगून ठेवलं. म्हणजे 15 दिवसांनी दिली का 60, नोटीस त्यामुळे बाद होत नाही. मग द्यायचीच कशाला? तर तुमची गरज दावा टाकायच्या आधीपासून आहे, वकिलाने ऐन वेळी रचलेली नाही, याचा तारीख पडलेला कागद म्हणून. आणि समोरचा उत्तरात काय बोलतो ते आधीच कळतं. काकांनी आम्ही सुचवल्याप्रमाणे दोन महिने दिले, दिवाळीचा सीझन मधे येत होता, त्या माणसाचा माल भरलेला होता, त्याला पंधरा दिवसात काढ म्हणणं दिसायलाही बरं नाही.

काय करू नका

काकांचं सगळं चांगलं चाललं होतं, आणि मग त्यांच्या पोराने मोबाईल दाखवला. सहा महिन्यांपूर्वी त्याने भाडेकरूला व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, "दादा आता 1200 त परवडत नाही, 5000 करा नाही त गाळा खाली करा." मी डोक्याला हात लावला. गरजेच्या दाव्याला यापेक्षा वाईट कागद नसतो, कारण याचा सरळ अर्थ होतो की 5000 दिले असते तर गरज नव्हती. मिटवून काय फायदा, समोरच्याच्या फोनमधे आहेच. आता त्याचं उत्तर शोधावं लागलं, पोराने तेव्हा मेडिकलचं ठरवलं नव्हतं, ठेव नंतर केली, असं तारखांवर उभं केलं, आणि तारखा खऱ्या होत्या म्हणून निभावलं. तुम्ही मात्र नोटीस द्यायचं मनात असेल तर भाडेवाढीचा शब्द सुद्धा काढू नका, ना फोनवर, ना चौकात.

लाईट तोडणं, नळ बंद करणं, शटरला दुसरं कुलूप मारणं हे तर बिलकूल नाही. आवश्यक सोयी तोडायला या कायद्यात मनाई आहे, शिवाय जबरदस्तीने ताबा घेतला तर भाडेकरू सहा महिन्यांत दावा टाकून तो परत मिळवू शकतो, आणि मग तुमचा खरा दावाही त्याच मातीत जातो.

पाठवणं आणि परत आलेलं पाकीट

पोस्टाने, पोचपावतीसह. आम्ही सवयीने आरपीएडी म्हणतो पण 2025 मधे रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे खिडकीवर स्पीड पोस्ट आणि पोचपावती असं दोन्ही सांगा. पत्ता दोन ठिकाणचा, दुकानाचा आणि घराचा. पोस्टाची पावती, ट्रॅकिंगचा प्रिंट, नोटिशीची सहीची स्थळप्रत, तिन्ही एकत्र टाचून ठेवा.

पाकीट परत आलं की लोक ते फोडून पाहतात. फोडू नका! "घेण्यास नकार" असा पोस्टमनचा शेरा असेल तर ते बंद पाकीट हाच तुमचा पुरावा आहे, बरोबर पत्त्यावर पाठवलेलं टपाल पोचलं असं कायदा धरतो आणि ते तसंच कोर्टात जातं, कोर्टात उघडतात. काकांच्या चारातलं एक असं परत आलं, बहिणीचं.

उत्तर आलं, आता

उत्तर ठरलेल्या वळणाचं असतं. गरज खोटी, भाडं वाढवायला नोटीस, दुसऱ्या जागा आहेत, आमचं पोट यावरच. आमच्याकडे हेच आलं, व्हॉट्सॲपच्या मेसेजसकट. घाईने प्रतिउत्तर पाठवायची गरज नसते, एखादी नवीनच खोटी गोष्ट असेल, जसं गाळा आम्ही विकत घेतला आहे असं, तरच पाठवा. मुदत संपली की दावा, आणि दाव्यात तीच हकीकत जी नोटिशीत आहे. निकाल विरुद्ध गेला तर अपील 30 दिवसात, जिल्हा न्यायालयात. गरज दावा टाकायच्या दिवशी तर पाहिजेच, पण पुढे ती पूर्ण संपून गेली, म्हणजे पोराला मधेच सरकारी नोकरी लागली, तर तेही कोर्टासमोर येतं.

काकांचं तिथपर्यंत गेलं नाही. दावा टाकल्यावर दोन तारखा झाल्या आणि भाडेकरू एका संध्याकाळी काकांच्या घरी आला, म्हणाला, "काका, मले उन्हाळा काढू द्या, जूनमधे शाळेचा माल विकला की मी भावाच्या शटरमधे जातो." काका मऊ पडले, म्हणाले ठीक आहे गा, दिला शब्द.

शब्दावर दावा काढून घ्यायला निघाले होते. साहेबांनी थांबवलं. तडजोड करा, पण कोर्टात पुरशीस म्हणजे लेखी निवेदन देऊन, आणि त्यात नुसतं "आपसात समझोता झाला" असं नको. भाडे कायद्यात दोघांनी ठरवलं म्हणून कोर्ट ताबा देत नाही, कायद्यातलं कारण आहे हे कोर्टाला दिसावं लागतं. म्हणून पुरशीसमधे भाडेकरूच्या तोंडचं वाक्य घातलं की वादीच्या मुलाला सदर गाळ्याची खरी गरज आहे हे प्रतिवादींना मान्य आहे, आणि 30 जूनपर्यंत ते ताबा देतील. चौघांच्या सह्या, बहिणीला त्यासाठी सासरहून बोलावलं. मग हुकूमनामा तसा झाला.

ताबा मिळाल्यावरही मालकाचं काम संपत नाही. कलम 17 प्रमाणे गरजेवर ताबा घेतल्यावर एक महिन्याच्या आत जागा वापरात आणावी लागते आणि वर्षभर दुसऱ्या कोणाला भाड्याने देता येत नाही, नाही तर जुना भाडेकरू 13 महिन्यांच्या आत अर्ज करून जागा परत मागू शकतो, शिक्षेचीही तरतूद आहे. मेडिकलचा परवाना काही महिन्याच्या आत हातात पडेलच असं नाही, त्यामुळे काकांना सांगितलं की चाबी मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुतार लावा, मीटर पोराच्या नावाने करा, अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज टाका आणि त्याची पोच, सुताराचं बिल, फ्रीजची पावती सगळं त्याच फायलीत ठेवा जिच्यात नोटिशीची स्थळप्रत आहे.

चाबी 28 जूनला दिली, पावतीवर सह्या घेऊन. जुन्या दुकानाची पाटी काढली तर मागे भिंतीवर 1996 चा तोच निळा चुना होता, पोरगा म्हणाला आधी पुट्टी मारू, मी म्हटलं मार, पण पुट्टीवाल्याचं बिल घे.